ब्लूटूथ: दिसणं वेगळं, जोडलं जाणं वेगळं

"ब्लूटूथ चालू ठेवलंत की आजूबाजूच्या सगळ्यांना तुमचा फोन दिसतो. पासवर्ड सगळ्यांचा 0000 असतो, त्यामुळे कोणीही जोडून घेतं आणि तुम्हाला कळतही नाही. फोन 'न दिसणारा' करून ठेवा, मग तुमच्यापर्यंत कोणी पोचूच शकत नाही. फक्त हेडफोन दर वेळी नव्याने पेअर करावा लागेल. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, पण भीती चुकीच्या ठिकाणी आहे आणि भरवसाही चुकीच्याच ठिकाणी आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात दिसण्यापासून. हेडफोन, गाडीतला स्टिरिओ अशा उपकरणांच्या नेहमीच्या ब्लूटूथमध्ये दोन प्रकारच्या हाका असतात. पहिली हाक सर्वांसाठी असते: "इथे कोण कोण आहे?" हिला इन्क्वायरी म्हणतात. तुम्ही फोनवर 'नवीन उपकरण शोधा' दाबता तेव्हा फोन ३२ वेगवेगळ्या चॅनलवर ही हाक पुन्हा पुन्हा मारतो. पूर्ण शोधाला १०.२४ सेकंद लागतात. पलीकडचं उपकरण सतत कान देऊन बसलेलं नसतं. बॅटरी वाचावी म्हणून ते साधारण अडीच सेकंदांतून एकदा, तेही ११.२५ मिलिसेकंदच ऐकतं. म्हणून यादीत नावं एकदम न येता एकेक करून येतात. हाक ऐकू आली की ते उत्तरात आपला ४८ बिटांचा पत्ता आणि आपल्या घड्याळाची वेळ कळवतं.

दुसरी हाक नाव घेऊन मारलेली असते. तिला पेज म्हणतात. ती कोणत्या चॅनलवर मारायची आणि तिचा सिग्नल कसा असायचा, हे समोरच्याच्या पत्त्यावरूनच ठरतं. पत्ता माहीत नसेल तर हाक तयारच होत नाही. पहिल्यांदा जोडताना उपकरण दिसावं लागतं ते यासाठीच: त्याशिवाय पत्ता कळायला सोपा मार्ग नाही.

या दोन हाका ऐकणारे कान स्वतंत्रपणे चालू किंवा बंद ठेवता येतात. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर `bluetoothctl show` असं लिहिलं की इतर माहितीबरोबर या ओळी येतात:

```
Powered: yes
Discoverable: no
Pairable: yes
```

ब्लूटूथ चालू आहे, पण लॅपटॉप कोणाला दिसत नाही. तरी मी हेडफोन चालू करतो आणि तो दोन-तीन सेकंदांत आपोआप जोडला जातो, कारण त्याला लॅपटॉपचा पत्ता आधीपासून ठाऊक आहे. बहुतेक फोनही असेच वागतात. ब्लूटूथचं सेटिंग पान उघडं असेपर्यंत दिसतात, पान बंद केलं की इन्क्वायरीला उत्तर देणं थांबवतात. म्हणजे मेसेजमधलं पहिलंच वाक्य चुकलं, आणि त्याबरोबर हेडफोनचंही. दर वेळी नव्याने पेअर करायची गरज नसते.

हेडफोनच्या बाबतीत उलटाच घोळ जास्त होतो. आईने नवा फोन घेतला आणि तिचा जुना इअरफोन त्यात सापडेना. दुकानदाराने "हा गेला, नवीन घ्या" सांगून टाकलं. ती निराश होऊन माझ्याकडे आली. मी इअरफोन चालू केला, त्याचा निळा दिवा एकदा लुकलुकला आणि शांत झाला. तिथेच उत्तर होतं. शोधत असलेल्या इअरफोनचा दिवा असा शांत होत नाही. जुना फोन आतल्या खोलीत ब्लूटूथ चालू ठेवून पडला होता. इअरफोन चालू झाला की आधी ओळखीच्या पत्त्यांना हाक मारतो. जुन्या फोनने ती उचलली, दोघं जोडले गेले, आणि इअरफोनला कोणाला दिसायचं कारणच उरलं नाही. जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं, इअरफोनचं बटण सहा-सात सेकंद दाबून धरलं. लाल-निळा दिवा आलटून-पालटून लागला आणि नव्या फोनच्या यादीत नाव आलं.

असाच दुसरा प्रकार: इअरफोन रीसेट केला, पण फोनच्या यादीत त्याचं नाव तसंच आहे. आता फोनकडे पेअर करताना बनलेली जुनी किल्ली आहे आणि इअरफोनकडे काहीच नाही. जोडायला गेलं की नकार येतो. अशा वेळी फोनवरूनही ते उपकरण काढून टाकायचं आणि पहिल्यापासून पेअर करायचं.

किल्ली म्हणजे काय, ते 0000 च्या निमित्ताने सांगतो. ठरलेला चार आकडी पिन ही जुन्या पद्धतीची गोष्ट. तिच्यात किल्ली त्या पिनवरूनच बनायची आणि चार आकड्यांचे दहा हजार पर्याय तपासणं संगणकाला काहीच अवघड नव्हतं. २००७ मध्ये आलेल्या ब्लूटूथ २.१ पासून पद्धत बदलली. आता दोन्ही उपकरणं एकमेकांना आपला जाहीर भाग पाठवतात आणि त्यावरून १२८ बिटांची एकच गुप्त किल्ली दोन्हीकडे आपापली काढली जाते. ती हवेतून जातच नाही. फोन आणि गाडीच्या स्क्रीनवर सहा आकडे दिसतात, तो पासवर्ड नसतो. मध्ये कोणी तिसरा घुसला असेल तर दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणून ते आकडे खरोखर वाचून मगच 'हो' दाबायचं. लोक न बघता दाबतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणि तुम्ही काही जोडत नसताना अशी विचारणा आली, तर सरळ नकार द्यायचा.

इअरफोनला स्क्रीनच नसते, त्यामुळे तिथे आकडे जुळवता येत नाहीत. ही खरी कमजोरी आहे. बटण दाबून धरायला लावतात त्याचं एक कारण हेच: अनोळखी हाकेला उत्तर द्यायचा काळ थोडाच असावा आणि तो तुम्ही हातात उपकरण घेऊन सुरू करावा.

आता राहिला 'न दिसणाऱ्या' फोनचा भरवसा, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच वाक्य. न दिसणारा फोन इन्क्वायरीला उत्तर देत नाही, पण ज्याला पत्ता माहीत आहे त्याची हाक ऐकतोच. तो पत्ताही पूर्ण झाकलेला नसतो. दोन उपकरणं बोलत असताना प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीचा सिग्नल जोडीतल्या मुख्य उपकरणाच्या पत्त्यातल्या २४ बिटांवरून बनलेला असतो. योग्य रेडिओ घेऊन बसलेल्या माणसाला तो टिपता येतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये आर्मिस या कंपनीने ब्लूबोर्न नावाच्या त्रुटी जाहीर केल्या. त्यांच्यासाठी फोन दिसण्याची गरज नव्हती आणि पेअरिंगचीही नव्हती. ब्लूटूथ चालू असणं पुरेसं होतं. दोष पेअरिंगच्या पद्धतीत नव्हता, ब्लूटूथ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि तो अपडेटनेच दुरुस्त झाला. तेव्हा ग्रुपवर काही पाठवायचंच असेल तर एवढं पाठवा: फोनच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती काही वर्षांपूर्वीची असेल आणि कंपनीने नवीन अपडेट देणं बंद केलं असेल, तर त्या फोनवर काम नसताना ब्लूटूथ बंदच ठेवा.