माझा हिरो लंगडतो

गेम बनवायचा ठरवला तेव्हा मला वाटलं होतं की कोडिंगच काय ते अवघड, चित्रं काय, बारीक बारीक चौकोनच तर भरायचेत. वर मी उगाच शहाणपणा करून जुन्या गेमबॉयचा नियम स्वतःला लावून घेतला, स्प्राइटला, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राला, रंग फक्त तीन, चौथा पारदर्शक. स्प्राइट १६ बाय १६ चा. म्हणजे एकूण २५६ चौकोन, त्यातले निम्मे तर रिकामेच. एका संध्याकाळचं काम!

उभा हिरो खरंच एका संध्याकाळी झाला. गडद रंगात केस आणि बाह्यरेषा, मधल्या रंगात शर्ट-पँट, फिक्या रंगात चेहरा, खांद्यावर दोन बाय तीनची पिशवी. डोळा म्हणजे एक पिक्सेल, तो एक घर खाली गेला की माणूस झोपलेला आणि वर गेला की भूत बघितल्यासारखा. पण जमलं. मग म्हटलं आता याला चालवू.

चालण्याच्या चार फ्रेम. पहिलीत पाय फाकलेले, दुसरीत पाय जवळ आलेले, तिसरीत परत फाकलेले पण आता दुसरा पाय पुढे, चौथीत परत जवळ. मी मन लावून चारही काढल्या, प्ले केलं, आणि पडद्यावर एक कात्री उघडझाप करायला लागली. माणूस वगैरे काही नाही, कात्री. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की दोन्ही पाय एकाच रंगाचे असल्यामुळे पहिली आणि तिसरी फ्रेम पिक्सेलला पिक्सेल सारखीच आहे, कुठला पाय पुढे आलाय हे बघणाऱ्याला कळणार कसं? म्हणजे चार फ्रेम काढायचे कष्ट करून मी दोनच काढल्या होत्या. मग पलीकडचा पाय अख्खा गडद रंगात भरला आणि झटक्यात एक पाय मागे, एक पुढे दिसायला लागला. तीन रंगांत सावलीला वेगळा रंग कुठून आणणार, बाह्यरेषेचाच उसना घ्यायचा.

हात मी जो पाय पुढे त्याच बाजूचा पुढे काढला होता. उंट एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकतो, तसा हा चालला होता. ते सुधारलं.

पाय जवळ येतात तेव्हा शरीर जरा वर उचललं जातं असं वाचलं होतं, म्हणून डोक्यापासून कमरेपर्यंत सगळं एक पिक्सेल वर सरकवलं आणि धाकट्या भावाला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, याच्या पायात काटा गेलाय का गं?"

गेला नव्हता. मी दुसऱ्या फ्रेमला उचललं होतं आणि चौथीत विसरले होते. एकच पिक्सेल हो! पण हिशोब करून बघा, १६ पिक्सेलचा माणूस १६० सेंटिमीटरचा धरला तर एक पिक्सेल म्हणजे १० सेंटिमीटर. तुम्ही दर दुसऱ्या पावलाला १० सेंटिमीटर उडी मारून चाला, लोक काय म्हणतील ते मग सांगा.

लंगडणं गेलं. गेममध्ये टाकला तर आई मागून बघत म्हणाली, "हा पाय पुसत पुसत का चाललाय?" आता आईला काय सांगणार, पण खरंच घसरत होता. पाऊल सहा पिक्सेलचं, एका पावलाला दोन फ्रेम, फ्रेम १५० मिलिसेकंदाची, म्हणजे ०.३ सेकंदात सहा, सेकंदाला २० पिक्सेल. आणि मी कोडमध्ये स्पीड ६० ठेवलेला, पाय बिचारा २० चालतोय आणि उरलेलं ४० फरशीवर तेल सांडल्यासारखं. स्पीड २० केला तर १६० पिक्सेलचा पडदा पार करायला आठ सेकंद, तोवर खेळणारा झोपेल. फ्रेम ५० मिलिसेकंदाची केली तर ६० जमतं, पण सेकंदाला दहा पावलं, ती चाल नव्हे, शिवणयंत्र. शेवटी पाऊल आठ पिक्सेलचं ताणलं, फ्रेम १०० ची, स्पीड ४०. जमिनीवर टेकलेला पाय जमिनीवरच राहायला लागला, आणि मी तो वीस मिनिटं नुसता चालताना बघत बसले.

मग भावाने डावीकडचं बटण दाबलं. डावीकडचं मी काढलंच नव्हतं, आडवा फ्लिप मारून मोकळी झाले होते. हिरो छान वळला आणि वळता वळता पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर गेली.

"पिशवी जड आहे," मी म्हटलं, "खांदा बदलतो तो."