गुण आणि पोरुत्तम
"२१ च्या वर गुण जुळतात, मग चेन्नईचे जोशी नको का म्हणतात?"

कारण ते बेरीज बघतच नाहीत. आपल्याकडे आठ कूटांचे ३६ गुण आणि १८ झाले की पास, तमिळ पद्धतीत दहा पोरुत्तम म्हणजे दहा जुळण्या, प्रत्येकाला नुसतं आहे किंवा नाही, आणि त्यात रज्जू, म्हणजे दोघांची नक्षत्रं पाच गटांपैकी वेगवेगळ्या गटांत असणं, जुळत नसेल तर बाकीचे असूनही बरेच जण स्थळ सोडून देतात.

उदा. मुलगी उत्तरा फाल्गुनी, कन्या रास, मुलगा उत्तराषाढा पहिलं चरण, धनु. आपल्या हिशोबाने नाडी वेगळी म्हणून ८, भकूट ७, दोघं मनुष्यगण म्हणून ६, तिथेच २१ झाले. पण दोन्ही नक्षत्रं नाभी रज्जूत येतात आणि एकच रज्जू म्हणजे दोष, मामला खतम.

गंमत म्हणजे मध्य नाडीची नऊच्या नऊ नक्षत्रं शिरो आणि कटी रज्जूतच बसतात, त्यामुळे त्या दोन रज्जूंत तिकडे दोष निघाला तर इकडेही एकनाडी निघतेच. भांडण होतं ते पाद, नाभी, कंठ या तिघांत, कारण तिथे आद्य आणि अंत्य नाडी मिसळलेल्या आहेत. आणि हो, ॲपमध्ये चरण नीट टाका, उत्तराषाढाचं दुसरं चरण आलं की रास मकर होते, नवपंचम लागून भकूटचे ७ गेलेच, रज्जू मात्र तोच राहतो.