विकला न गेलेला नळ

ज्या सभेला मी गेलो नाही, त्या सभेत मला खजिनदार केलं. मावळत्या खजिनदारांनी, म्हणजे काकांनी, रोजकीर्द माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "शेवटचं पान तेवढं तपासून घ्या, मी बसलोय." हे 'मी बसलोय' मला तेव्हा आधार वाटलं होतं.

कीर्दीला दोन बाजू असतात, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. काकांच्या कीर्दीला एकच बाजू होती, ती म्हणजे काकांची. दिवसभरात जे आठवेल ते एकाखाली एक. आलं की गेलं हे वाचणाऱ्याने स्वभावावरून ओळखायचं. मी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली आणि एकेक ओळ उचलून ठेवू लागलो. मागची शिल्लक ५,२४०, ती जमेला. वर्गणी ३,६००, जमा. 'बँक २,०००' इथे अडलो. बँकेत भरले की बँकेतून काढले? पासबुकात पाहिलं तर काढलेले निघाले. बँकेतून कमी झाले तरी पेटीत आलेच, म्हणून जमा. हॉलचं भाडं १,१००, जमा. वीजबिल २,३७५, सफाई ३,०००, स्टेशनरी १६५, ही सगळी नावे. आणि एक ओळ नुसतीच 'नळ ४००'. नळ म्हणजे खर्चच असणार, नावे.

जमा ११,९४०, नावे ५,९४०, शिल्लक ६,०००. पानावर काकांची अखेर शिल्लक ६,८००. पेटीतल्या नोटा दोनदा मोजल्या, तर त्याही ६,८००. म्हणजे काका बरोबर आणि मी आठशेंनी कमी.

मी हिशेबात अगदीच अडाणी नाही. फरकाला नऊने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल शोधायची, ६३ चे ३६ वगैरे. आठशेला नऊने भाग जात नाही. मग फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण एखादी नोंद भलत्याच बाजूला पडली तर फरक दुप्पट होतो. आठशेचे निम्मे चारशे. आणि पानावर चारशे होतेच! नळ उचलून जमेला टाकला. जमा १२,३४०, नावे ५,५४०, शिल्लक ६,८००. मी पेन असं ठेवलं की काका दचकले.

"लागला हिशेब," मी म्हणालो. "नळ जमेला होता."

"नळ जमेला कसा?"

"विकला ना आपण. जुना."

"कोणाला?"

"ते तुम्हाला माहीत. पेटीत पैसे आलेत ना?"

"अहो, मी त्या दिवशी नळ *बसवला*. तुम्ही विकताय कुठला?"

"मग तुमचा हिशेब जुळतो कसा?"

"तो जुळलेलाच आहे. तुम्ही नळ काढलात म्हणून तुमचा जुळतोय."

एव्हाना चिटणीसही खुर्ची ओढून बसले होते. संस्थेची मालमत्ता विकायला ठराव लागतो, असं ते माझ्याकडे बघत म्हणाले. काकांनी पावत्यांची फाईल काढली. त्यात नळवाल्याची सही असलेलं व्हाउचर, चारशे मिळाले म्हणून. मग त्यांनी पावतीपुस्तक उघडून हॉलच्या भाड्यावर बोट ठेवलं. एक हजार नऊशे, अक्षरी. कीर्दीतला तो आकडा मी १,१०० वाचला होता.

"हा नऊ आहे होय?"

"मग काय आहे?"

दोन उभ्या काड्या आहेत, हेच म्हणायचं होतं. पहिल्या काडीला एक म्हणायचं आणि तस्साच वळसा घेतलेल्या दुसरीला नऊ, हे कोणत्या शाळेत शिकवतात? पण कागदावर रडकुंडीला येऊन १,९०० लिहिले. नळ परत नावे टाकला. जमा १२,७४०, नावे ५,९४०, शिल्लक ६,८००.

मला राग याचा नाही की चुकलो. राग याचा आहे की माझी चूकही पैन्पै जुळली होती. पेटीतल्या नोटा तर दोन्ही हिशेबांना हो म्हणत होत्या. ते व्हाउचर गहाळ असतं तर विकलेला नळ जन्मभर माझ्या सहीखाली राहिला असता, आणि नळ भिंतीत. तरी त्या दिवसापासून मला पाहिलं की चिटणीस विचारतात, "आज काय विकणार?"

मी काकांना सांगितलं की निदान तेवढ्या रकमेशेजारी अक्षरी लिहून सही करा. त्यांनी तत्परतेने लिहिलं. ती ओळ मी अजून लावतोय.