निळं झालं का?

आमच्या घरात सध्या सकाळी पेपर आला का हे कोणी विचारत नाही, आई चहाचा कप टेकवते आणि विचारते, "निळं झालं का?" म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन टिका निळ्या झाल्या का, म्हणजे त्या मुलीने माझा मेसेज वाचला का, म्हणजे तिला इंटरेस्ट आहे का. एवढा लांबचा प्रवास आई एका श्वासात करते.

झालंय काय, एक स्थळ आलं. दोन्हीकडची मंडळी भेटली, पोहे झाले, आणि निघताना तिचे बाबा म्हणाले, आता तुम्ही दोघं बोलून बघा. मुलगी बँकेत आहे, काउंटरवर. नंबर मिळाला आणि माझ्या फोनचा डॅशबोर्ड झाला, ज्याच्यापुढे मी, आई आणि फोनवरून मावशी अशी तिघं बसून असतो.

मावशीचं म्हणणं असं की टायमिंगवरून माणूस कळतो. तिला एक केस दिली. मंगळवारी रात्री ९:४० ला मी विचारलं, "तुम्हाला ट्रेकिंग आवडतं का?" मेसेजवर बोट दाबून धरलं की मेसेज इन्फो दिसतं ना, त्यात डिलिव्हर्ड ९:४०, रीड ११:५२, आणि उत्तर आलं दुसऱ्या दिवशी दुपारी १:३५ ला, "हो, आवडतं." मावशीने स्क्रीनशॉट मागवला, चष्मा लावला असणार, आणि निकाल दिला. "दोन तास बघितलंच नाही, बघितल्यावर चौदा तास विचार केला, आणि एवढ्या विचारातून दोन शब्द निघाले. दुसरं बघा."

आता यात खरं काय कळतं ते बघू. ९:४० ला दोन करड्या टिका आल्या, म्हणजे तिचा फोन किंवा त्याला जोडलेला कॉम्प्युटर चालू होता आणि नेट होतं, बस, इतकंच. ती फोनजवळ होती हेसुद्धा त्यातून कळत नाही, फोन चार्जिंगला आणि ती भाकऱ्या करत असेल. ११:५२ चं निळं म्हणजे तेव्हा चॅट उघडला गेला. पण मेसेज नोटिफिकेशनमध्ये आधीच दिसलेला असू शकतो, ट्रेकिंगचा प्रश्न केवढासा, तो वरच्या पट्टीत आख्खा मावतो, आणि तिथे वाचला तर टिका करड्याच राहतात. म्हणजे ती ९:४१ ला वाचून हसली असेल (किंवा कंटाळली असेल) आणि झोपताना चॅट उघडला असेल. आणि उलटंही होतं, चॅट उघडल्या उघडल्या कोणीतरी हाक मारली, टिका निळ्या झाल्या, आणि वाचलं कोणीच नाही. मग १:३५ कशाचं? तिच्या बँकेत जेवणाची सुट्टी तेव्हा असते. मावशीने ज्याला चौदा तासांचा विचार म्हटलं त्यात झोप, आंघोळ, बस आणि सकाळची पासबुकवाल्यांची रांग होती.

मग मी एक उद्योग केला, तिचे सगळे रिप्लाय वर जाऊन बघितले. बहुतेक सगळे दीड ते दोनच्या मध्ये नाहीतर रात्री नऊनंतर. म्हणजे सकाळी अकराला पाठवलेल्या मेसेजला तीन तास लागले तर तो तिचा नेहमीचाच वेग झाला, त्यात माझा मान-अपमान काही नाही. गॅप मोजायची तर त्या माणसाच्या स्वतःच्या सवयीशी मोजायला पाहिजे, आपल्या उतावळेपणाशी नाही. आणि बँकवाल्यांच्या बाबतीत एक सोय आहे, २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. म्हणजे साध्या शनिवारची गॅप आणि सुट्टीच्या शनिवारची गॅप शेजारी शेजारी ठेवून बघता येते! सुट्टीच्या शनिवारी दुपारी मेसेज टाकला तर उत्तर पटकन आलं, मला नाचावंसं वाटलं, पण खरं बोलायचं तर त्यातून फक्त एवढंच ठरतं की आठवडाभर अडथळा काउंटरचा होता. मोकळ्या वेळात माणूस गॅसवाल्यालाही पटकन उत्तर देतो. (मार्च महिना तर यातून सरळ काढूनच टाका, क्लोजिंगच्या काळात बँकेतला माणूस स्वतःच्या आईला उत्तर देत नाही.)

मधेच एकदा रात्रभर एकच टीक राहिली. मावशी म्हणाली, "ब्लॉक केलं." एका टीकेचा अर्थ फक्त एवढाच की मेसेज तिच्या फोनपर्यंत पोचलेला नाही, फोन बंद, रेंज नाही, डेटा संपला, किंवा हो, ब्लॉक. आणि यातलं नक्की कुठलं हे व्हॉट्सअ‍ॅप मुद्दाम कळू देत नाही, ब्लॉक करणाऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून. सकाळी दुसरी टीक आली, ती गावी गेली होती. मावशी म्हणाली, "अनब्लॉक केलं."

तिथून मावशीने पुढचा डाव टाकला, दोन्ही घरांचा एक ग्रुप काढला. कारण तिला कुठूनतरी कळलं होतं की रीड रिसीट बंद ठेवली तरी ग्रुपमध्ये ती लपत नाही. बरोबर आहे ते. फक्त ग्रुपमध्ये टिका निळ्या व्हायला सगळ्यांनी वाचावं लागतं, आणि त्यात आमचे साताऱ्याचे काका आहेत जे व्हॉट्सअ‍ॅप दिवाळीला उघडतात. त्यामुळे मावशीचे सुप्रभात अजून करडेच आहेत.

आणि माझ्या बाजूचं काय? तिचा मेसेज आला की मी लगेच फोन उचलतो तर आई म्हणते, "लगेच देऊ नकोस, रिकामटेकडा वाटशील." मग मी नोटिफिकेशनमधून वाचून ठेवतो, आमटीला फोडणी बसेपर्यंत थांबतो, मग चॅट उघडतो, आणि मेसेज इन्फोमध्ये तिला दिसतं की हा गृहस्थ भलता बिझी आहे. म्हणजे माझी गॅप आईने ठरवलेली. मग तिच्या गॅपमागेही एखादी मावशी नसेल कशावरून? दोन घरांच्या समित्या एकमेकींचे ठराव वाचतायत आणि आम्ही दोघं नुसते शिपाई.

मला विचाराल तर घड्याळापेक्षा मेसेजचं शेपूट बघावं. "हो, आवडतं." हे पाच मिनिटात आलं असतं तरी तिथेच संपलं असतं. पण त्याच आठवड्यात रात्री पावणेदहाला, मी काही न विचारता, आलं, "मागच्या वेळी घाईत होते, राजगड केलाय मी, पाली दरवाज्याने. तुम्ही कुठले केलेत?" उशीर झाला होता, पण तिने विषय लक्षात ठेवला, स्वतः परत काढला आणि शेवटी प्रश्न ठेवला, म्हणजे मला बोलायला जागा ठेवली. सभ्यपणापोटी माणूस वेळेत उत्तर देतो, पण संपलेला विषय सहसा उकरून काढत नाही. तरी शंभर टक्के नाहीच, काही लोक मुळातच गप्पिष्ट असतात, ते लिफ्टमधल्या माणसालाही गड विचारतील.

मावशीला मी हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावणेदहा म्हणजे नक्की किती, ९:४४ की ९:४६?"

काल त्या मुलीनेच विचारलं, येत्या शनिवारी सुट्टी आहे, अकराला कॉफी चालेल का. मी फोडणीबिडणीची वाट न बघता हो म्हटलं. ग्रुपवर टाकलेलं नाही.