नव्याचा आकडा टेबलावर टाकून पगार वाढत नाही

"आठ वर्षं घासली आणि कालच्या पोराला माझ्याएवढाच पगार! सरळ त्याचा आकडा एचआरसमोर ठेवा आणि जास्त टक्के इन्क्रिमेंट मागा. नाही दिलं तर बाहेरची ऑफर दाखवा."

नव्याचा पगार कळला की जुन्या माणसाची ही तक्रार आणि त्यावरचा हा सल्ला नेहमी ऐकू येतो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बरीच वर्षं पगारपत्रकं केली, म्हणून लिहितो.

आधी तो आकडा. पोरगं सांगतं 35,000, ते सीटीसी. वर्षाचे 4,20,000 भागिले बारा. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 770 धरलेली असते. उरला ग्रॉस साधारण 32,400. तुम्ही मात्र त्याची तुलना स्वतःच्या स्लिपवरच्या ग्रॉसशी करता. शिवाय त्याचं नाव काढलंत की एचआर म्हणतं, "त्याचा अनुभव वेगळा आहे," आणि पुढची वीस मिनिटं त्याच्यावरच जातात. तुमचं काम राहतं बाजूला.

आता टक्के. खरी गोम इथेच आहे. आमच्याकडे क्वालिटीतला एक जण 2017 साली 18,000 वर लागला. दरवर्षी आठ टक्के धरले तर आठ इन्क्रिमेंटनंतर 33,300 होतात. बाहेरून येणाऱ्याला मात्र त्या दिवशीचा बाजारभाव मिळतो, 32,400. फरक 900 रुपये. समजा जुन्याने भांडून सगळ्यांना दहा टक्के मिळवून दिले. जुना 36,630 वर, नवा 35,640 वर. फरक 990! आठ वर्षांच्या अनुभवाची किंमत नव्वद रुपयांनी वाढली.

म्हणून टक्के मागू नका, रक्कम मागा, तीही इन्क्रिमेंटपासून वेगळी. त्याला 'करेक्शन' म्हणतात. त्या क्वालिटीवाल्याने डिसेंबरातच, म्हणजे एप्रिलचं बजेट ठरण्याआधी, साहेबांना एक पानी मेल केला. कस्टमर ऑडिट तो एकटा सांभाळतो, नव्या पार्टच्या मंजुरीचं पीपीएपी तोच करतो, नवीन पोरांना मोजमापाचं सीएमएम मशीन तोच शिकवतो. खाली लिहिलं: या कामाला सातपूर-अंबडमध्ये आज 38,000 ग्रॉस मिळतो, म्हणून 4,700 चं करेक्शन हवं. साहेब म्हणाले, "तुझ्या ग्रेडचं टोकच 36,000 आहे." अडचण खरी होती. मग मागणी बदलली: आधी सिनियर इंजिनिअर करा. एप्रिलमध्ये ग्रेड बदलली आणि इन्क्रिमेंट सोडून वेगळे 3,000 मिळाले. उरलेल्या 1,700 साठी ऑक्टोबरची तारीख त्याने मेलवरच लिहून घेतली. तोंडी "बघू" म्हणजे काही नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

ऑफर दाखवायची, पण खरंच जायची तयारी असेल तरच. "जा" म्हणाले तर पुढच्या महिन्यात तिथे पंच करता आलं पाहिजे.

(कामगार युनियनच्या करारात असाल तर यातलं फारसं लागू नाही. तिथे पगार करारातच ठरतो, एकट्याने मागून उपयोग नाही.)