पन्नासातून वजाबाकी, पण उत्तर भलत्याचंच

«नीट परीक्षेची ट्रिक! कुठल्याही डीएनएत एका बेसची टक्केवारी दिली की ती 50 मधून वजा करा, जोडीदार मिळाला! सुटी साखळी असली तरी चालतं. तसेही निसर्गात चारही बेस 25-25 टक्केच असतात. पुढे पाठवा.»

हे पाठवणाऱ्यांत आमच्या इंदूरच्या घरच्या ग्रुपवरचे काकाही आहेत, आणि भाचीने ते वहीत उतरवूनही घेतलं. म्हणून लिहितेय.

चार बेसांपैकी सायटोसिन 18 टक्के धरा. ट्रिकप्रमाणे त्याचा जोडीदार ग्वानिन 32. अहो, पण दुहेरी साखळीत प्रत्येक सायटोसिनसमोर एक ग्वानिन बसतो! एक 18 असताना दुसरा 32 झाला, तर जास्तीचे ग्वानिन कोणासमोर बसणार? ग्वानिनही 18च. दोन्ही मिळून 36, शंभरातून उरले 64. ते अ‍ॅडेनिन आणि थायमिन सारखे वाटून घेतात, 32-32. आता बेरीज करा: 18, 18, 32, 32. शंभर.

गंमत अशी की 32 हा आकडा खोटा नाही, इतकं नाइलाजाने मान्य करते. प्रत्येक जोडीतले दोन्ही बेस सारख्याच प्रमाणात असतात, म्हणून जोडीत नसलेल्या कुठल्याही दोन बेसांची बेरीज 50 येते. पन्नासातून वजा केल्यावर मिळतो तो परका बेस. जोडीदार काढायला वजाबाकी लागतच नाही, तो दिलेल्याइतकाच असतो.

25-25 ची समजूत तर रसायनशास्त्रज्ञ फीबस लेव्हीनच्या काळातली. अर्विन शारगाफने 1950 च्या सुमारास निरनिराळ्या जीवांचे बेस मोजून ती मोडली. माणसात अ‍ॅडेनिन 30.9, थायमिन 29.4, ग्वानिन 19.9, सायटोसिन 19.8. हा किंचित फरक मोजमापातला. ई. कोलाय हा जीवाणू मात्र 25 च्या आसपास येतो, पण त्यावरून सगळ्यांसाठी नियम ठोकता येत नाही.

राहिली सुटी साखळी. तिथे समोर कोणी नाही, तर बरोबरी कशी येणार? फाय-एक्स-174 या विषाणूचा डीएनए एकेरी. त्यात अ‍ॅडेनिन 24 च्या जवळ, तर थायमिन 31 च्या. अशा वेळी एका आकड्यावरून बाकीचे तीन निघत नाहीत. उलट, मोजलेले अ‍ॅडेनिन-थायमिन इतके वेगळे दिसले, तर डीएनए एकेरी असल्याचा संशय घ्यावा.

प्रश्नात दुहेरी डीएनएच्या एकाच साखळीचे चारही आकडे दिले तर? समजा अ‍ॅडेनिन 35, थायमिन 25, ग्वानिन 22, सायटोसिन 18. समोरच्या साखळीत थायमिन 35, अ‍ॅडेनिन 25, सायटोसिन 22, ग्वानिन 18. दोन्हींची सरासरी काढा: अ‍ॅडेनिन 30, थायमिन 30, ग्वानिन 20, सायटोसिन 20. पहिल्या साखळीतल्या 35 वर ट्रिक चालवली असती तर थायमिन 15 आला असता, जो इथे कुठेच नाही.