मीटरचा लाल दिवा आणि वाढलेलं बिल

“घरातली सगळी बटणं बंद केली तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतो. म्हणजे हेस्कॉमचा मीटर पळतोय, म्हणूनच बिल वाढलं.”

एवढ्यावरून मीटरला दोष देता येत नाही. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलं असेल तर 3200 लुकलुकींना एक युनिट. बटणं बंद असताना दर 45 सेकंदांनी एकदा लुकलुकलं, तर तासाला 80, म्हणजे 25 वॅट. सेटटॉप बॉक्स, वायफाय आणि इन्व्हर्टर मिळून एवढं सहज खातात. महिन्याला 18 युनिटं झाली. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटांची मर्यादा आहे; 185 वर असलेलं घर यानं 203 वर जातं आणि शून्याऐवजी अख्खं बिल हातात पडतं. बहुतेक आरडाओरड इथलीच!

आता फ्रीज, इन्व्हर्टरसकट सगळे प्लग काढा, मेन चालू ठेवा. तरीही लुकलुकत असेल तर विजेची गळती किंवा पंपासारखं थेट जोडलेलं काहीतरी चालू आहे. एकेक एमसीबी पाडत जा. ज्यानं दिवा थांबेल, दोष त्या लाइनीत. आधी बोअरची मोटार आणि भिंतीतली ओल बघावी. एक अँपिअर गळतीसुद्धा महिन्याला 165 युनिटांपर्यंत जाते. वायरमन येईपर्यंत ती लाइन बंदच ठेवा.

मेन पाडूनही लुकलुकतं? मग मीटर ते मेनमधली वायर किंवा खुद्द मीटर. मेन परत चालू करून 1000 वॅटचा रॉड पाण्याच्या बादलीत सोडून एकटाच 6 मिनिटं चालवा. साधारण 320 लुकलुकी याव्यात. व्होल्टेज कमी असेल तर कमी येतील. 400 आल्या, तरच मीटर तपासणीचा अर्ज द्या.